३५० रुपयांची पट्टी : मॉनिटरच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

★★☆☆☆ "२७ इंची मॉनिटर घेतला. एचडीआर चालू केलं तर सगळा डेस्कटॉप धुतल्यासारखा फिका, काळा रंग राखाडी. दुकानातला मुलगा आला, सेटिंगमधली एक पट्टी सरकवली आणि ३५० रुपये घेऊन गेला. दोन मिनिटांचं काम! डिफेक्टिव्ह पीस गळ्यात मारला असंच वाटतंय."

नमस्कार सर,

तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. दोन स्टार दिलेत, तेही मान्य. पण "डिफेक्टिव्ह पीस" हे शब्द लागले, कारण तेवढंच वाचून पुढचं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायचं नाही.

आमच्या मुलाने आल्या आल्या Win + Alt + B दाबलं, आठवत असेल. त्या बटणांनी एचडीआर बंद-चालू करता येतं. बंद होताच रंग जागेवर आले आणि काळा काळा दिसला. पॅनल किंवा केबल खराब असती तर एचडीआर बंद करूनही फिकेपणा राहिला असता. म्हणजे पीस चांगला आहे हे तुमच्यासमोरच ठरलं होतं.

मग Settings > System > Display > HDR मध्ये गेल्यावर SDR content brightness ची पट्टी शून्यावर सापडली. "पांढरं डोळ्यांवर येत होतं म्हणून खाली ओढली," असं तुम्हीच म्हणालात. फिकेपणा इथूनच आला, सर. एचडीआर चालू झालं की डेस्कटॉप, ब्राउझर, एक्सेल या साध्या गोष्टी किती उजेडात दाखवायच्या हे विंडोज या पट्टीवरून ठरवतं. निट्स हे उजेडाचं माप; शून्यावर पांढरा रंग साधारण ८० निट्सचा असतो, शंभरावर ४८० चा. आणि तुमचा मॉनिटर एचडीआरमध्ये स्वतःचं ब्राइटनेसचं बटण कुलूपबंद करून मागचा दिवा जवळजवळ पूर्ण पेटवतो.

हा ४०० निट्सचा आयपीएस पॅनल आहे, कॉन्ट्रास्ट हजाराला एक. दिवा पूर्ण असताना काळ्यातूनही ०.४ निट्स उजेड झिरपतोच, पट्टी कुठेही असो. पांढरा ८० वर ठेवला तर काळ्या-पांढऱ्यातला फरक फक्त २०० पट उरतो, म्हणून काळा राखाडी दिसतो. मुलाने पट्टी ३० वर आणली, पांढरा २०० निट्सवर गेला आणि फरक ५०० पट झाला. दिवा तोच, झिरपणारा उजेडही तोच.

मग शंभरावरच का नाही नेली, हेही त्याने दाखवलं होतं. शंभरावर Settings च्याच खिडकीतले पांढरे चौकोन मागच्या फिक्या राखाडीत विरघळले, कडा दिसेनात. ४०० च्या पॅनलकडे ४८० मागितले की वरच्या छटा एकाच पांढऱ्यात जातात. तिथून कडा परत दिसेपर्यंत खाली यायचं, मग डोळ्यांना सोसेल तिथे थांबायचं. तुमचं टेबल खिडकीसमोर आहे, दुपारी ४० पर्यंत न्यायला हरकत नाही.

थोडा फिकेपणा तरीही राहील. एचडीआर बंद असताना हा मॉनिटर रंग मुळापेक्षा भडक दाखवतो, त्याची डोळ्यांना सवय झालेली असते. शिवाय एचडीआरमध्ये विंडोज डेस्कटॉप-ब्राउझरसारख्या साध्या गोष्टींतल्या गडद छटा किंचित उजळ ठेवतं. त्यावर या पट्टीचा इलाज नाही. एचडीआर सिनेमालाही ती हात लावत नाही. म्हणूनच कामाच्या वेळी एचडीआर बंद ठेवा आणि सिनेमा लावताना तेच Win + Alt + B दाबा, असं मुलाने सांगितलं होतं.

आता ३५० रुपये. पट्टी सरकवायला दोन मिनिटंही लागत नाहीत, खरं आहे. पण फोनवर आम्ही "कीबोर्डवरची तीन बटणं दाबून बघा" म्हणालो तेव्हा "मला ते काही सांगू नका, माणूस पाठवा" हे तुमचं उत्तर होतं. व्हिजिट चार्ज बिलावर छापलेला आहे आणि फोनवरही सांगितला होता. तो येण्या-जाण्याचा आणि तपासणीचा आहे. मुलाने दुसरी केबल लावून पाहिली, मॉनिटरचा मेनू पाहिला, काकूंच्या हातचा चहा घेतला (त्याबद्दल आभार). ऑनलाइन मागवला असता तर पीस पॅक करून परत पाठवा म्हणाले असते आणि नवा आला तरी पांढरं डोळ्यांवर आलं की तुम्ही पट्टी पुन्हा खालीच ओढली असती.

यापुढे एचडीआर मॉनिटरसोबत या पट्टीबद्दल एक चिठ्ठी द्यायचा विचार आहे, बघतो कसं जमतं. तुमची पुढची व्हिजिट फुकट. फक्त येण्याआधी एकदा फोनवर बोलू या, म्हणजे मुलाची खेप वाचेल. आणि जमल्यास "डिफेक्टिव्ह" एवढा शब्द काढा, स्टार राहू द्या.

– दुकानमालक