दादा चुकला नव्हता

आज साखरपुड्याच्या पंगतीत चारचौघांसमोर एका नातेवाइकांनी दादाला सुनावलं, "बापाचं सोनं मातीमोल विकलंस. आज असतं म्हणजे?" दादा खाली मान घालून जेवत राहिला. लग्नघर होतं म्हणून मी गप्प बसलो. इथे बसणार नाही.

बाबांनी 2012 च्या दिवाळीआधी रिटायरमेंटच्या पैशातून बँकेकडून दहा ग्रॅमची आठ नाणी घेतली. तोळा तेव्हा 31,000 च्या पुढे होता, त्यावर बँकेने जास्तीचे लावले ते वेगळेच. प्रत्येक पाकिटामागे बाबांनी बॉलपेनने तारीख घातली होती.

बाबा गेले. 2018 च्या जानेवारीत भाव 30,000 च्या आसपास. पाच वर्षांत सोनं जागचं हललं नव्हतं. तेच पैसे एफडीत साडेआठ टक्क्यांनी ठेवले असते तर दीडपट झाले असते. आणि दादाच्या डोक्यावर 14 टक्क्यांचं पर्सनल लोन. तो म्हणाला, "सोनं पडून आहे आणि मी व्याज भरतोय. विकूया." मी म्हणालो, "बाबांची आठवण आहे." दोन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. माझ्यावर कर्ज नव्हतं हो. आठवण जपणं मला परवडत होतं.

शेवटी चार-चार वाटून घेतली. बँक नाणी विकते पण परत घेत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. म्हणून सराफाकडे गेलो, मीही सोबत होतो. त्याने कात्रीने पाकिटं कापली, मशीनवर लावलं, शुद्ध निघालं, तरी तीन टक्के कापलेच. चार तोळ्यांचे 1,16,000 च्या आसपास हातात आले, तेवढ्या कर्जावरचं वर्षाचं सोळा हजारांचं व्याज थांबलं. कापलेली पाकिटं सराफाने कचऱ्याच्या डब्यात टाकली. दादाने वाकून चारही बाहेर काढली.

आज त्या चार तोळ्यांचे चार लाखांच्या वर झाले असते. झाले असते, मान्य. पण 2018 मध्ये हे सांगायला कोण आलं होतं? हेच नातेवाईक तेव्हा म्हणायचे, सोन्यात आता राम नाही. हप्ते थकले असते तर दंड भरायला येणार होतात का? आणि माझी नाणी राहिली ती काही माझ्या हुशारीने नाही. मला हप्ता नव्हता, म्हणून राहिली. त्यासाठी मला शहाणा म्हणू नका आणि त्याला वेडा तर अजिबात म्हणू नका.

जेवण झाल्यावर दादाला घरी सोडायला गेलो. त्याने काही न बोलता कपाटातून बाबांचं जुनं पासबुक काढलं. आत ती चार रिकामी पाकिटं. शाई पुसट व्हायला लागलीय, म्हणून तारखांवर त्याने चिकटपट्टी लावलीय.

माझी चार नाणी लॉकरमध्ये आहेत. शेवटची कधी पाहिली, ते मला आठवत नाही.