चाचणीचे निष्कर्ष टीमला गोड लागावेत म्हणून काही सूचना

वापरसुलभता चाचणीचे निष्कर्ष प्रॉडक्ट टीमपुढे कसे मांडावेत, हे मला गेल्या गुरुवारपर्यंत कळत नव्हते. त्या दिवशी चाळीस मिनिटांच्या बैठकीत माझे जे प्रबोधन झाले, त्याचा लाभ आपणासही व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच. अ‍ॅप घरपोच औषधांचे होते, सहभागी सहा होते आणि त्यांना दिलेले काम एवढेच होते, की आईच्या रक्तदाबाच्या 5 मिलिग्रॅमच्या गोळ्या जुन्या ऑर्डरमधून पुन्हा मागवायच्या.

सर्वप्रथम, ‘सहापैकी चार जण अडखळले’ असे गावंढळ वाक्य स्लाइडवर कधीही लिहू नये, ‘66.67 टक्के’ असे लिहावे, म्हणजे दशांश चिन्हापुढील दोन आकडे पाहून सहा माणसे सहा हजारांसारखी दिसू लागतात.

वापरकर्त्यांची वाक्ये निवडताना ती कोणत्या क्षणी उच्चारली गेली, याकडे साफ दुर्लक्ष करावे. आमच्या एका सहभागी बाईंनी अकरा मिनिटे धडपडून, दोनदा मागे जाऊन, शेवटी काम अर्धवट सोडले आणि उठताना त्या म्हणाल्या, “छान आहे हो अ‍ॅप, मलाच जमत नाही.” जेवायला आलेला पाहुणा खारट आमटीलाही छानच म्हणतो, पण आपण या वाक्याचा उत्तरार्ध कापून पूर्वार्ध मोठ्या अक्षरांत पहिल्या स्लाइडवर लावावा. टाळ्या पडतात. मी स्वतः ऐकल्या आहेत.

चित्रफीत दाखवू नये. माणसाचा गोंधळलेला चेहरा पाहिला की बैठक लांबते.

आता मुख्य विद्या, म्हणजे समस्यांची क्रमवारी. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांची समस्येचे गांभीर्य मोजणारी शून्य ते चार अशी एक मोजपट्टी या व्यवसायात प्रचलित आहे, चार म्हणजे सर्वांत गंभीर. समस्या किती जणांना येते, आली की किती नुकसान करते आणि एकदा कळल्यावर टळते की पुन्हा पुन्हा छळते, या तीन गोष्टी तिच्यात पाहतात. आपण यांपैकी फक्त पहिली पाहावी, कारण डोकी मोजणे सोपे असते. आमच्या यादीत बॅनरचा रंग भडक असल्याचे पाच जणांनी सांगितले होते. त्यामुळे एकाचेही काम अडले नव्हते, तरी तो मुद्दा पहिला आला. जुन्या ऑर्डरच्या पानावर मात्र औषधाचे नाव लांब झाले की शेवटी तीन टिंबे येत होती आणि नेमका मिलिग्रॅमचा आकडा त्या टिंबांत गडप होत होता. मध्यंतरी डॉक्टरांनी डोस बदलल्याचे गृहीत धरून आम्ही चाचणीच्या खात्यात 5 आणि 10 अशा दोन्ही ऑर्डर ठेवल्या होत्या, आणि पडद्यावर त्या दोन ओळी जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. दोघांनी शंका आली म्हणून तपशील उघडून पाहिला, एकाने मागे जाऊन पावती शोधली आणि एका गृहस्थांनी “हीच ती, नेहमीची” असे म्हणत 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या मागवून पैसेही भरले.

मी हे चौघे एका मुद्द्याखाली ठेवले होते, कारण चौघांचे वागणे निराळे असले तरी मूळ एकच होते, आणि आकृतिबंध शोधायचा तो मुळापाशी, तक्रारीच्या शब्दांत नव्हे. टीमने त्याचे तीन मुद्दे केले. तपशील उघडणारे दोघे ‘यशस्वी’ ठरले, मागे जाणारा ‘सावध ग्राहक’ ठरला आणि उरलेल्या एकाबद्दल विचारणा झाली, “एकच तर आहे ना?” इतकेच नव्हे, तर ‘हीच ती, नेहमीची’ हे वाक्य ग्राहकांचा विश्वास दाखवणारे म्हणून वरिष्ठांच्या सादरीकरणात घेण्याचे ठरले. त्यानंतर दुरुस्तीला लागणारे श्रम गांभीर्यातच मिसळण्यात आले, आणि चार गुणांची समस्या सातव्या क्रमांकावर सुखाने विसावली.

अहो, एकच म्हणजे किती? सहा जणांत एक सापडला, यावरून हजारांत किती हे ठरत नाही, हे मलाही कळते. पण दुप्पट डोस घरी पोहोचू शकतो, हे सिद्ध व्हायला एकच पुरे होतो. ते गृहस्थ निष्काळजी नव्हते, त्यांनी ओळ नीट वाचली होती. वाचण्यासारखा आकडाच तुम्ही तिथे ठेवला नव्हता. श्रमांचा हिशेब हवा तर शेजारच्या रकान्यात मांडा, पण त्यासाठी गांभीर्याचा आकडा खोडू नका. आणि श्रम तरी कसले? नाव दुसऱ्या ओळीवर उतरू द्यायचे आणि मिलिग्रॅम आधी लिहायचे. बॅनरचा रंग सोमवारी बदलला. ती तीन टिंबे आज सकाळीही तिथेच होती.