चौदा तासांचा हिशोब एकदा मांडूनच बघा

आज अकरावी नीटच्या नव्या बॅचची पालकसभा होती. अहमदपूरकडचे एक वडील उठून म्हणाले, "सर, फीचं मी बघतो, पण लेकरू रोज चौदा तास बसलं पायजे." सभागृहातल्या निम्म्या माना हलल्या. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून इथं लिहितोय.

आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. सहा दिवस सहा-सहा तास क्लास, म्हणजे ३६. मेस, अंघोळ, कपडे, येणं-जाणं यात रोजचे तीन, म्हणजे २१. रविवारची टेस्ट आणि ती तपासणं, सहा. उरले ५६. त्यात कॉलेजचं प्रॅक्टिकल आहे, दुखणंखुपणं आहे, घरचा फोन आहे. सतरा वर्षांचं लेकरू त्यातले २७ तास मन लावून बसलं तरी भरपूर झालं. म्हणजे क्लासच्या दिवशी साडेचार तास.

चौदा तास आणायचे कुठून? झोपेतून! मग पोरगं रात्री दोनपर्यंत जागतं, सकाळी फिजिक्सच्या तासाला पेंगतं, आणि तोच धडा रात्री पुन्हा पहिल्यापासून धरतं. वहीतलं अक्षर पानाच्या मध्यावर फाटायला लागलं की ओळखा.

त्या साडेचार तासांत पहिला तास आज शिकवलेलं वही मिटून पुन्हा लिहायला. दोन तास फिजिक्स-केमिस्ट्रीची गणितं. नवा धडा असेल तर वीस-पंचवीसच होतात, आणि तेवढी पुरतात. एक तास बायोलॉजी, एनसीईआरटीच्या ओळीन् ओळी. उरलेला अर्धा तास जुन्या चुकांना.

खरी कमाई या चुकांमध्येच आहे. समजा, मुलानं १८० पैकी १६५ प्रश्न सोडवले, १२० बरोबर, ४५ चूक. बरोबरचे ४८० आणि चुकांचे वजा ४५, म्हणजे ४३५. पेपर तपासताना दिसतं की ४५ पैकी १२ प्रश्न त्याला येत होते. कुठं एकक बदलायचं राहिलं, कुठं 'अयोग्य विधान ओळखा' यातला 'अयोग्य' वाचलाच नाही. असा प्रत्येक प्रश्न पाच गुणांचा, कारण चार मिळतात आणि कापलेला एक वाचतो. म्हणजे ६० गुण, नवा धडा न वाचता. हे त्या अहमदपूरच्या वडिलांना फळ्यावर मांडून दाखवलं, तेव्हा ते वहीत उतरवून घेऊ लागले.

शेवटच्या दोन महिन्यांत काही मुलं दहा-अकरा तास बसतात, हे मान्य. पण तेव्हा क्लास संपलेला असतो.

वावर गहाण ठेवून फी भरणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, ते मला दिसतं. तुमच्यावर राग नाही. फक्त रविवारी टेस्ट सुटल्या सुटल्या "किती पडले?" असा फोन करू नका. पोरगं पेपर न तपासताच वही मिटतं. रात्री जेवण झाल्यावर फोन करा आणि येत असून चुकलेले प्रश्न कोणते, तेवढं विचारा.