सगळेच मध्यम समाधानी

पाचाच्या पट्टीवर सरासरी तीन आली की वरिष्ठ मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. तीन म्हणजे लोक धड खूश नाहीत, धड नाराजही नाहीत. पगारवाढीचा विषय काढायला नको, चौकशी समिती नेमायला नको. पण सहा विभाग, शेकडो माणसं आणि प्रत्येक विभागाची सरासरी २.९, ३.०, ३.१ अशी शाळेच्या प्रार्थनेसारखी एका ओळीत उभी? इतक्या माणसांचं इतकं एकमत मी तरी कधी कशावर पाहिलेलं नाही.

कर्मचारी समाधानाच्या सर्वेक्षणाची ती फाइल माझ्याकडे आली तेव्हा अहवालही तयारच होता. ‘सर्व विभागांत समाधानाची पातळी समान व मध्यम,’ असं लिहून लेखक नोकरी सोडून गेला होता. त्याची स्वतःची पातळी काय होती, कोण जाणे. मला फक्त ‘आलेख जरा रंगीत’ करायचे होते.

रंग भरण्याआधी मी मूळ प्रश्नावली मागवली. या मागणीकडे आमच्याकडे संशयाने पाहिलं जातं. आकडे समोर असताना प्रश्न कशाला हवेत? पण ती मिळाली. सहा विधानं, उत्तर १ ते ५. १ म्हणजे अजिबात पटत नाही, ५ म्हणजे अगदी पटतं. पहिली तीन अशी: कामावर यायला उत्साह वाटतो, माझ्या कामाची कदर होते, सहकारी मदत करतात. पुढची तीन: घरी जाताना मी पार गळून गेलेलो असतो, दुसरी नोकरी मिळाली तर उद्याच जाईन, सोमवार आला की धडकी भरते.

आणि सरासरी? सहाही आकड्यांची बेरीज, भागिले सहा. उत्साह अधिक धडकी.

आता एक खरोखर सुखी माणूस घ्या. त्याने लिहिलं ५, ५, ४ आणि पुढे १, १, २. बेरीज १८, सरासरी ३. शेजारी बसलेला राजीनामा खिशात घेऊन फिरतोय. त्याने लिहिलं १, १, २ आणि पुढे ५, ५, ४. बेरीज १८, सरासरी ३. दोघेही मध्यम समाधानी! त्याच फाइलमध्ये आणखी एक महाभाग होता. त्याने काहीही न वाचता सहाच्या सहा ठिकाणी ५ दाबला होता. म्हणजे त्याला यायला प्रचंड उत्साह होता आणि तो उद्याच जाणार होता. त्याची सरासरी ५. अख्ख्या संस्थेतला सर्वांत समाधानी कर्मचारी.

मी हे मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, “मग असले उलटे प्रश्न विचारायचेच कशाला? सरळ विचारा की.”

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की काही माणसं कुठल्याही विधानाला मान डोलावतात. सगळी विधानं गोडगोड ठेवली तर ही मान डोलावणी समाधान म्हणून मोजली जाते. १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्टने ही पट्टी मांडली, तेव्हाच निम्मी विधानं उलट्या दिशेची ठेवायला सांगितलं होतं. मात्र बेरजेआधी ती पुन्हा सुलटी करायची असतात. प्रश्नावली छापताना निम्मा सल्ला पाळला जातो, उरलेला निम्मा बेरीज करणाऱ्याने पाळायचा.

सुलटं करायला फार अक्कल लागत नाही. पट्टीची दोन टोकं मिळवा आणि त्यातून उत्तर वजा करा. १ ते ५ असेल तर सहातून, ० ते ४ असेल तर चारातून. आकडेमोडीच्या आर भाषेत, d ही आमची फाइल आणि q4 हा चौथा प्रश्न धरला, तर एवढंच:

```
d$q4_r <- 6 - d$q4
```

नवं नाव `q4_r` ठेवायचं, जुन्या रकान्याला हात लावायचा नाही. कारण तीच ओळ जुन्या नावावर दोनदा चालली की ६ वजा (६ वजा ४) म्हणजे पुन्हा ४, आणि आपण मात्र दुप्पट निर्धास्त. शिवाय ‘उत्तर दिलं नाही’ यासाठी कुणी ९ टाकला असेल तर त्याचा उणे ३ होतो. त्यांना आधी रिकामं करावं लागतं.

आमच्या फाइलमध्ये दुखणं ओळखायला प्रश्नावली नसती तरी चाललं असतं. प्रश्न एकमेकांशी किती जुळून वागतात हे सांगणारा क्रॉनबाखचा अल्फा नावाचा आकडा असतो. ०.७ च्या वर गेला की लोक खूश होतात. आमचा होता उणे १.२. मॅडम म्हणाल्या, कॉम्प्युटर बिघडलाय. बिघडला नव्हता. निम्मे प्रश्न एकीकडे आणि निम्मे दुसरीकडे ओढत असले की हा आकडा शून्याच्या खाली जातो, अगदी उणे एकच्याही खाली. तीन रकाने फिरवले आणि तोच अल्फा ०.८६ झाला. सुखी माणूस ४.६७ वर गेला, राजीनामावाला १.३३ वर आला आणि आमचा सर्वांत समाधानी कर्मचारी मुकाट्याने ३ वर येऊन बसला. विभागांची ओळही मोडली: एक ४ च्या वर, एक २ च्या आसपास. दोनवाल्या विभागातून माणसं का जातात यावर वर्षभर बैठका चालू होत्या.

इथे आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने पुढच्या सर्वेक्षणासाठी नियम काढला: ज्या वाक्यात ‘नाही’, ते उलटं. मी त्याला आमचीच तीन उलटी विधानं दाखवली. एकातही ‘नाही’ नाही. मग नव्या यादीतलं ‘इथून जावंसं मला वाटत नाही’ दाखवलं. त्यात ‘नाही’ आहे आणि ते पूर्ण सुलटं आहे. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. असली वाक्यं उत्तर देणाऱ्यालाही चकवतात. ‘वाटत नाही’ हे ‘अजिबात पटत नाही’, म्हणजे वाटतं की नाही? घाईतला माणूस इथे चुकीच्या टोकाला खूण करतो आणि ती चूक कुठल्याही वजाबाकीने सुधारत नाही.

मग त्याने दुसरा तोडगा आणला. आर भाषेतल्या `psych` पॅकेजच्या `alpha` मध्ये `check.keys=TRUE` लिहिलं की उलटे प्रश्न ते आपणहून फिरवतं. फिरवतं खरं, पण ते वाक्यं वाचत नाही, फक्त कोण कुणाच्या विरुद्ध जातंय ते बघतं. समजा त्याने उत्साहाचे तीन फिरवले आणि धडकीचे तीन तसेच ठेवले, तर? अल्फा तोच, ०.८६. सगळे प्रश्न एका दिशेला तोंड करून उभे, फक्त दिशा त्राग्याची. सुखी माणूस १.३३ आणि राजीनामावाला ४.६७. अल्फाला एकजुटीशी मतलब, ती कशासाठी झाली याच्याशी नाही. त्यासाठी एकच भरलेला फॉर्म हातात घेऊन, वाक्य वाचून, गुणांशी ताडून बघायचा. पाच मिनिटांचं काम आहे, म्हणूनच ते कुणी करत नाही.

सुधारलेला अहवाल वर गेला. साहेबांनी तो पूर्ण वाचला, दोनवाल्या विभागाच्या आकड्यापाशी थांबले आणि म्हणाले, “आधीचा जास्त संतुलित वाटत होता.” मग त्यांनी विचारलं, या दोन्ही अहवालांची सरासरी काढता येईल का.