यूकेचा स्टुडंट व्हिसा: पत्र, पैसे आणि 28 दिवस

«यूकेच्या स्टुडंट व्हिसाचं टेन्शन घेऊ नका. युनिव्हर्सिटीचं ऑफर लेटर आलं की तेच लावायचं. पैसे अर्जाच्या दिवशी खात्यात दिसले म्हणजे झालं. काका-मामांकडून दोन दिवसांसाठी फिरवून घ्या, बँकेतून बॅलन्स सर्टिफिकेट काढा, मग परत करा. कमी पडलं तर शेअर्सचे नाहीतर घराचे कागद जोडा. लोन असेल तर सँक्शन लेटर पुरतं.»

यूकेला शिकायला निघालेल्या मुलांच्या पालकांपर्यंत असा सल्ला फिरत येतो, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे. आधी पत्राचं पाहू. ऑफर लेटर, मग ते अटी असलेलं असो की बिनशर्त, व्हिसाच्या अर्जात चालत नाही. तिथे लागतो तो कॅसचा नंबर. ऑफर स्वीकारून डिपॉझिट भरलं आणि विद्यापीठाची तपासणी झाली, की विद्यापीठ होम ऑफिसच्या, म्हणजे यूकेच्या गृहखात्याच्या, संगणक प्रणालीत विद्यार्थ्याच्या नावाची एक नोंद तयार करतं. ती नोंद म्हणजे कॅस. ईमेलने येणारी पीडीएफ ही त्या नोंदीची फक्त माहितीची प्रत असते. व्हिसा अधिकारी पीडीएफ बघत नाही, तो प्रणालीतली नोंद उघडतो. त्यामुळे पीडीएफमध्ये काही चुकलेलं दिसलं तर ती चूक मूळ नोंदीत विद्यापीठाकडूनच दुरुस्त करून घ्यावी लागते, आणि तेही अर्ज भरण्याआधी.

कॅस हातात आला की पासपोर्ट शेजारी ठेवून तो ओळीओळीने वाचावा. नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट नंबर, कोर्स सुरू आणि संपण्याच्या तारखा, पहिल्या वर्षाची एकूण फी, त्यातली भरलेली रक्कम, आणि प्रवेश देताना विद्यापीठाने कोणती शैक्षणिक कागदपत्रं ग्राह्य धरली त्यांची यादी. शेवटच्या दोन गोष्टींवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. यादीत जी मार्कशीट किंवा पदवी प्रमाणपत्र असेल, तेच मागितलं जाऊ शकतं. दुसरं दाखवून भागत नाही. आणि भरलेल्या फीचा आकडा जुना राहिला असेल तर खात्यात दाखवायची रक्कम तेवढ्याने वाढते. समजा कॅस निघाला तेव्हा 2,000 पौंड भरलेले होते आणि नंतर आणखी 2,000 भरले. हे दुसरे 2,000 नोंदीत चढवून घ्या, आणि विद्यापीठाने दिलेली पावतीही जवळ ठेवा. कॅस दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापरावा लागतो, आणि तो एकदाच वापरता येतो. पासपोर्ट मधेच बदलला तर नवा नंबर विद्यापीठाला कळवून ठेवावा.

आता पैशांकडे येऊ. दाखवायची रक्कम ठरते ती अशी: पहिल्या वर्षाची उरलेली फी, अधिक राहण्याजेवणाचा ठरवून दिलेला खर्च. हा खर्च 11 नोव्हेंबर 2025 पासून लंडनमध्ये महिना 1,529 पौंड आणि लंडनबाहेर 1,171 पौंड आहे, आणि तो जास्तीत जास्त नऊ महिन्यांचाच धरतात. कोर्स बारा महिन्यांचा असला तरी नऊच. हे दर बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेला आकडा सरकारी संकेतस्थळावरूनच घ्यावा, सीनियरकडून आलेला गेल्या वर्षीचा नाही.

एक उदाहरण पूर्ण मांडू. लंडनबाहेरचा एक वर्षाचा मास्टर्स, फी 19,500 पौंड, त्यातले 4,000 भरलेले आणि कॅसमध्ये नोंदलेले. उरले 15,500. नऊ महिन्यांचा खर्च 10,539. बेरीज 26,039. विद्यापीठाच्याच हॉस्टेलसाठी विद्यापीठाला 500 पौंड आगाऊ दिले असतील, तर ते वजा करता येतात, म्हणजे 25,539. खासगी घरमालकाला दिलेलं डिपॉझिट मात्र वजा होत नाही.

ही रक्कम एका दिवसापुरती असून उपयोग नाही. ती सलग 28 दिवस खात्यात असावी लागते, आणि स्टेटमेंटमधल्या शेवटच्या शिलकेची तारीख अर्जाच्या तारखेच्या आधीच्या 31 दिवसांतली असावी लागते. अर्जाची तारीख म्हणजे व्हिसाची फी ऑनलाइन भरल्याची तारीख. बोटांचे ठसे द्यायला गेलात ती नव्हे. नुसत्या बॅलन्स सर्टिफिकेटवर एकाच दिवसाची शिल्लक असते, म्हणून ते एकटं जोडलेला अर्ज इथेच अडतो. बँकेचं पत्र चालतं, पण रक्कम किमान 28 दिवस खात्यात होती असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असलं तरच.

मोजणी उलटी करतात: शेवटच्या शिलकेच्या तारखेपासून मागे 28 दिवस. आपल्या उदाहरणात पूर्ण रक्कम 3 जुलैला जमा झाली आणि स्टेटमेंट 31 जुलैपर्यंतचं घेतलं, तर 4 ते 31 जुलै हे 28 दिवस भरतात. त्या स्टेटमेंटवर 31 ऑगस्टपर्यंत अर्ज करता येतो. आता समजा 19 जुलैला विम्याचा हप्ता आपोआप कापला गेला आणि शिलकेत फक्त 60 पौंडांची तूट आली. दुसऱ्या दिवशी पैसे भरून तूट मिटवली, तरी आधीचे सगळे दिवस वाया गेले. नवी मोजणी 20 जुलैला सुरू होते आणि 16 ऑगस्टला पूर्ण होते. यूकेबाहेरून केलेल्या अर्जाचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो, म्हणजे सप्टेंबरचा पहिला-दुसरा आठवडा उजाडतो. एका हप्त्यापायी कोर्सची सुरुवात हुकू शकते. म्हणून ज्या खात्यातून ईएमआय, विमा, वीजबिल असं काहीही आपोआप कापलं जातं, ते खातं या कामासाठी वापरू नये. स्टेटमेंट हातात आलं की शेवटची शिल्लक बघून थांबू नका; शिलकेच्या रकान्यातला सगळ्यात लहान आकडा शोधा. अधिकारीही तोच शोधतो.

दुसरी गळती विनिमय दराची. खातं पौंडात नसेल तर ओआंडा या चलनदर देणाऱ्या संकेतस्थळावरच्या, अर्जाच्या दिवशीच्या दराने रकमेचं रूपांतर होतं. पैसे ठेवले त्या दिवशीचा दर बघून अगदी काठोकाठ रक्कम ठेवली आणि महिनाभरात आपलं चलन दोन टक्क्यांनी घसरलं, तर 25,539 मध्ये 500 पौंडांच्या आसपास कमी पडतात. आमच्या मते किमान पाच टक्के जास्त ठेवावेत.

काका-मामांच्या बाबतीत तर नियम अगदी नेमका आहे. पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर असावेत, नाहीतर आईवडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या. काका, मामा, आजोबा, भाऊ यांच्या नावावरचं खातं धरलं जात नाही, मग त्यांनी कितीही प्रेमाने पत्र लिहून दिलेलं असो. आईवडिलांचे पैसे असतील तर आणखी दोन कागद लागतात: नातं सिद्ध करणारा जन्मदाखला, आणि हे पैसे शिक्षणासाठी वापरायला आमची संमती आहे असं त्यांचं सही केलेलं पत्र. जन्मदाखला इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर जोडावं. दाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं, असं फार वेळा निघतं; तेव्हा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवणारा कागदही सोबत द्या.

मामांना खरोखरच मदत करायची असेल तर मार्ग आहे. त्यांनी रक्कम विद्यार्थ्याच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात कायमची द्यावी, आणि तिथून 28 दिवस मोजावेत. दोन दिवसांसाठी फिरवलेल्या पैशांशी याची गल्लत करू नका. शिक्षणासाठी पैसे खरोखर उपलब्ध आहेत का, याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. तो बँकेकडे चौकशी करू शकतो, विद्यार्थ्याला मुलाखतीला बोलावू शकतो. अर्जाच्या तोंडावर आलेल्या मोठ्या रकमेबद्दल विचारलं आणि मुलाला उत्तर देता आलं नाही, तर सगळा अर्ज संशयात येतो. आणि खोटा कागद जोडल्याचं सिद्ध झालं तर अर्ज नाकारला जातो आणि दहा वर्षांपर्यंत यूकेची दारं बंद होऊ शकतात. हा सल्ला पुढे पाठवणाऱ्यांनी निदान एवढं तरी ध्यानात घ्यावं, कारण भोगतो तो ज्याच्या नावाने अर्ज असतो तो.

शेअर्स, रोखे, पेन्शनचा फंड, क्रेडिट कार्डाची मर्यादा, ओव्हरड्राफ्ट यांतलं काहीही मोजत नाहीत. घर-जमिनीचे कागदही नाहीत. पैसे हवे तेव्हा काढता आले पाहिजेत, हे त्यामागचं कारण. त्याच कारणाने कर्जासाठी बँकेकडे तारण ठेवलेली एफडी दाखवण्यात अर्थ नाही. शेअर्स विकायचे असतील तर वेळेत विका, पैसे खात्यात येऊ द्या, आणि दिवस त्यानंतर मोजायला घ्या.

शैक्षणिक कर्जाला 28 दिवसांची अट नाही, हा त्याचा मोठा फायदा. मात्र पत्रातले शब्द तपासावे लागतात. कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर हवं. पत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं हवं. त्यावर बँकेचं नाव, रक्कम आणि कर्ज शिक्षणासाठी असल्याचा उल्लेख हवा. पैसे प्रवासाआधी उपलब्ध होतील असं त्यात म्हटलेलं हवं. व्हिसा मिळणं एवढी एकच अट चालते. नेहमीच्या सँक्शन लेटरच्या शेवटी मात्र «मालमत्तेची कायदेशीर तपासणी पूर्ण झाल्यावर रक्कम दिली जाईल» अशी ओळ असते, आणि त्या ओळीवर पत्र बाद होतं. शाखेत जाऊन तपासणी पूर्ण करून घ्या आणि ती अट नसलेलं नवं पत्र मागा. वैयक्तिक कर्जाला ही सवलत नाही. ते पैसे खात्यात आणून 28 दिवस ठेवावे लागतात.

व्हिसा नाकारला गेलाच, तर निर्णय कळल्यापासून 28 दिवसांत 80 पौंड भरून फेरतपासणी मागता येते. तिथे अधिकाऱ्याची चूक झाली का एवढंच बघतात. जो कागद तुम्ही जोडलाच नव्हता, तो आता देऊन काही बदलत नाही. स्टेटमेंट खरोखरच 27 दिवसांचं असेल, तर फेरतपासणीत वेळ घालवू नका. त्याच दिवशी विद्यापीठाला कळवा, कारण जुना कॅस वापरला गेलेला असतो. नव्या अर्जाला नवा कॅस आणि नवी फी लागते, आणि विद्यापीठ उशिरा येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या शेवटच्या तारखेपर्यंतच नवा कॅस देतं.