चार गोळ्यांचं सुतक

आज भाच्याच्या क्लासची पालकसभा होती. दादा बाहेरगावी, म्हणून वहिनीसोबत मी गेले. दारातच टेबल मांडलेलं. 'परीक्षा तणावमुक्ती किट', एकोणीसशे नव्व्याण्णव रुपये. आत काय, तर ब्राह्मीच्या गोळ्या, कपाळाला लावायची सुगंधी बाटली, दाबायचा मऊ चेंडू आणि 'तू करू शकतोस' छापलेली कार्डं. वहिनीने पर्स उघडली, मी तिचा हात धरला. तरी तिने घेतलंच.

सभेत सर म्हणाले, दर रविवारच्या टेस्टचे मार्क संध्याकाळी सातला थेट पालकांच्या मोबाइलवर येतील, रँकसकट. टाळ्या पडल्या! म्हणजे आजार हेच वाटणार आणि औषधही हेच विकणार.

लातूरला राहून हे मला कुणी शिकवायला नको. लेकीच्या नीटच्या दुसऱ्या वर्षी मीही सातच्या मेसेजची वाट बघायचे. एका रविवारी 512 चे 492 झाले. मी बोलले काहीच नाही. फक्त भांडी जरा जोरात आपटली आणि वरणाला फोडणी द्यायची विसरले. पोरगी जेवली नाही. पुढच्या रविवारी सकाळी टेस्टला निघताना तिला उलटी झाली. मी म्हटलं, पित्त झालं असेल. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आता हिशोब बघा. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं तर एक वजा. म्हणजे येणारा प्रश्न चुकला की पाच मार्कांचा फरक. वीस मार्क म्हणजे 180 पैकी चार प्रश्न. ओएमआरवरच्या चार गोळ्यांसाठी मी घरात सुतक पाळलं होतं.

मग आम्ही पाच आया आणि दोन बाप आमच्या गच्चीवर रविवारी सात ते आठ बसायला लागलो. मुद्दाम मेसेजच्याच वेळेला. फोन सगळे पापडाच्या स्टीलच्या डब्यात, झाकण लावून. मेसेज आला तरी पोराने स्वतःहून सांगेपर्यंत, निदान सोमवार संध्याकाळपर्यंत, विषय काढायचा नाही.

पहिली बैठक पार फसली. एका काकांनी 'आमच्याला 610' म्हणून सुरुवात केली आणि पुढच्या वेळी दोन आया आल्याच नाहीत. मग नियम केला: इथे आकडा बोलायचा नाही, क्लासचं नाव घ्यायचं नाही, व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा नाही. प्रत्येकाने एकच सांगायचं, या आठवड्यात पोराला काय बोललो जे बोलायला नको होतं. मी भांड्यांचं सांगितलं. सगळे हसले, मग एक बाई रडायला लागली.

गच्चीवर सगळं भागत नाही, हेही तिथेच कळलं. एका बाबांनी सहज सांगितलं, मुलगा दोन आठवडे नीट झोपत नाही, सायकल मित्राला देऊन टाकली, आणि म्हणतो, 'मी नसलो तर तुमचे पैसे तरी वाचतील.' ते हसत सांगत होते, आमच्या पोटात गोळा आला. असल्या वेळी गप्पा नाहीत, चेंडू तर नाहीच. तिथूनच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 ला फोन लावला. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. त्या रात्री पोराला एकटं सोडलं नाही आणि सकाळी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं.

बरं, चेंडू दाबल्याने कुणाचं वाईट होत नाही, मान्य. आणि फी भरणाऱ्याला मार्क कळायला हवेत, तेही मान्य. पण रविवारी सातलाच?

किटच विकायचं तर मी सांगते काय भरा. कोऱ्या ओएमआर शीट, काळं बॉलपेन आणि भिंतीवरचं साधं घड्याळ. नीटला मनगटी घड्याळ नेता येत नाही आणि पेपर दुपारी दोनला सुरू होतो. आमची पोरं रात्री दोनपर्यंत जागतात आणि दुपारी दोनला ढाराढूर. माझी लेक प्रत्येक सराव पेपरला तिसऱ्या विभागात पेंगायची आणि आम्ही तिला 'एकाग्रता नाही' म्हणत होतो! शेवटचे दोन महिने रात्री अकराला दिवा बंद, दुपारी दोन ते पाच पेपर, समोर भिंतीवरचं घड्याळ. पेंग गेली. उलट्या मात्र त्याने थांबल्या नाहीत, त्या थांबल्या डब्याने. तेही लगेच नाही. पाचव्या रविवारी ती रात्री स्वतःच स्वयंपाकघरात आली, म्हणाली, "आई, आज कमी पडलेत." मी म्हटलं, "बरं. पोळी गरम देऊ का?" एवढं बोलायला मला पाच आठवडे लागले होते.

मघाशी वहिनीचा फोन आला. "ताई, मेसेज आलाय, उघडू का?" मी म्हटलं, आधी त्याला जेवू दे. चेंडू म्हणे धाकट्याने पळवलाय.

गच्ची आजही आमचीच आहे. पुढच्या रविवारी सातला या. डबा मी आणते, चटया तुम्ही आणा.