आजीला एचडी कशी करावी

घरात आजीचा, पणजीचा एखादा पिवळट, कोपऱ्याला बुरशी धरलेला फोटो असेल तर तो तसाच राहू देऊ नका. लोक काय म्हणतील? टीव्ही पंचावन्न इंची आणि आजी मात्र धूसर, हे बरं दिसत नाही. पुढची कृती आमच्याकडे गेल्या महिन्यात आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला करून पाहिलेली आहे. माझ्या भाच्याने केली. हमखास जमते.

आधी फोटो. तो फ्रेममधून काढायचा नाही. भिंतीवर आहे तिथेच, काचेसकट, वरची ट्यूबलाइट चालू ठेवून मोबाइलने टिपायचा. झेरॉक्सवाल्याकडे स्कॅनर असतो म्हणे, पण तिथवर कोण जाणार?

मग तो फॅमिली ग्रुपवर टाकायचा. मावसभाऊ तो दुसऱ्या ग्रुपवर ढकलतो, तिथून आपण परत उतरवून घ्यायचा. ताकात पाणी वाढवत जावं तसा तो दर फेरीला पातळ होतो, पण काळजी नको, पुढे फोटो एचडी करणारं अॅप आहे.

आता मुख्य पायरी. बटण दाबायचं आणि चहा घेऊन यायचा.

चहा होईपर्यंत आत काय घडतं ते सांगते, कारण मी नंतर दोन रात्री तेच शोधत बसले होते. आमचा फोटो १९५८ चा, मामाच्या लग्नातला. सहा बाय चार इंचांचा कागद, त्यात बत्तीस माणसं, मधल्या रांगेत आजी. तिचा अख्खा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा, जेमतेम पाच मिलिमीटर. भाच्याकडच्या कॉपीत त्या चेहऱ्याच्या वाट्याला आडवे चाळीस आणि उभे चाळीस ठिपके आले होते, म्हणजे सगळे मिळून १,६००. अशी अॅपं साधारणपणे चेहरा ओळखून तेवढाच कापून घेतात, त्याचा ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा नवा चेहरा बनवतात आणि तो परत जागेवर चिकटवतात. गुणाकार करून पाहा, २,६२,१४४ होतात. म्हणजे शंभरातले नव्व्याण्णवाहून जास्त ठिपके आजीचे नव्हेतच. मग कोणाचे? या कामासाठी बनलेल्या बऱ्याच प्रणाली फ्लिकरवरून गोळा केलेल्या ७०,००० चेहऱ्यांवर शिकल्या आहेत. लोकांनी हौसेने काढून हौसेने टाकलेले फोटो. त्यात नऊवारीतल्या, कपाळावर गोंदण असलेल्या, कॅमेरा आयुष्यात दुसऱ्यांदा पाहणाऱ्या बायका किती असतील, तुम्हीच सांगा. यंत्र काही खोटं बोलत नाही. ‘एवढ्या ठिपक्यांत बसेल असा चेहरा दे’ म्हटलं की ते देतं. तो तुमच्याच माणसाचा असावा, असं त्याला कोणी सांगितलेलंच नाही. २०२० साली अशाच एका प्रणालीला ओबामांचा मुद्दाम ठिपकेदार केलेला फोटो दिला, तर तिने एक गोरा माणूस काढून दिला होता. ओबामांना सगळं जग ओळखतं म्हणून ती चूक पकडली गेली. माझ्या आजीला ओळखणारे आता तीन जण उरलेत.

तिला लहानपणी देवी आल्या होत्या. गालांवर वण होते, आणि त्यातच डावा डोळा जरा बारीक झालेला. यंत्राच्या लेखी वण म्हणजे कागदावरची खराबी, त्यामुळे गाल कसे साबणाच्या नव्या वडीसारखे गुळगुळीत. डोळे दोन्ही सारखे केले आणि दोन्हींत स्टुडिओतल्या दिव्याची चमक घातली. मांडवात, भर उन्हात! गोंदण गेलं. काळ्या-पांढऱ्या फोटोत कुंकवाचा ठिपका आणि बुरशीचा ठिपका सारखाच काळा दिसतो, म्हणून कुंकूही गेलं. नथीची सावली वरच्या ओठात विरघळली. आणि तोंड घट्ट मिटून बसलेल्या माझ्या आजीला वरच्या ओळीतले सहा दात देण्यात आले. ती हसते आहे. लग्नाच्या फोटोत हसायचं असतं, एवढं यंत्राला माहीत आहे.

रंग भरायचे असल्यास खुशाल भरा; लाल आणि हिरवं लुगडं राखाडीत एकसारखंच दिसतं, कोण विचारायला येतंय.

पाटीवरची देवनागरी अक्षरं ग्रीक झाली तर तीही राहू द्या.

शेवटी दोन फुटी फ्रेम, चंदनाचा हार, आणि ऐंशी वर्षांच्या बाईच्या हातात सगळ्यांसमोर भेट. व्हिडिओ चालू असलाच पाहिजे. आमच्याकडे होता. आईने चष्मा पुसला, फोटो जवळ धरला, मग लांब धरला, आणि कौतुकाने म्हणाली, “छान आहेत रे. कोण या?”

सगळे हसले. वय झालं, म्हणाले. वय तिचं झालंय, डोकं ठिकाणावर आहे. त्या खोलीत तिनेच एकटीने फोटो नीट पाहिला होता.

मी पण पाहिला मग. ओळखायला अवघड नाही. चेहरा काचेसारखा लख्ख आणि हनुवटीच्या खाली लगेच मान, पदर, मंगळसूत्र सगळं धुक्यात. शेजारी बसलेली मोठी मामी, जिचं आजीशी रक्ताचं नातं नाही, तिला आजीचंच नाक. तरी खात्री करावी म्हणून मी त्याच कॉपीतून आजीला तीनदा कापलं, दर वेळी चौकट जराशी सरकवून, आणि तीनदा अॅपमध्ये घातलं. तीन बाया आल्या. एक तर पस्तिशीची होती.

भाच्याला फोन केला तर म्हणतो, “मावशी, काहीच न दिसण्यापेक्षा हे बरं ना?”

नाही. बरं नाही. धूसर आजी ही माझी आजी होती. त्या १,६०० ठिपक्यांत आईला बारीक डोळा दिसायचा, कारण तो तिच्या आठवणीत होता आणि फोटो त्याला आड येत नव्हता. तुझ्या पोरीला आठवण नाही, तिला फक्त हा फोटो मिळणार, आणि ती जन्मभर एका परक्या बाईला हार घालणार. तुला सुधारायचाच होता ना? कागद सहाशे डीपीआयला, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके धरून, स्कॅन केला असतास तर त्याच चेहऱ्याला आडवे ११८ खरे ठिपके मिळाले असते, आताच्या जवळजवळ तिप्पट, आणि सगळे तिचे. पिवळेपणा काढ, मांडवाच्या कापडावरचे ओरखडे भर, मी एक शब्द बोलणार नाही. चेहऱ्याला हात लावायचा नाही. लावलासच तर खाली लिही की हा बनवलेला आहे, आणि मूळ शेजारी ठेव.

मूळ! ते विचारल्यावर म्हणाला, “फ्रेम चांगली होती, त्यात बाळाचा फोटो लावलाय. जुना बहुतेक त्याच्या मागेच असेल.”

बहुतेक? अरे, एकच आहे तो! आजच्या आज फ्रेम उघड. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नकोस, वरचा थर काचेवरच राहील. काचेसकट स्कॅनरवर ठेवून घे. मागची बाजूही स्कॅन कर, मामाने तिथे शाईने नावं लिहिली आहेत. आणि सापडल्यावर फोन कर, रात्रीचे कितीही वाजले तरी.